पैसे येणार म्हणून पिन मागितला? आधी पेंडिंग रिक्वेस्ट उघडून वाचा

प्रश्न: जुना अभ्यासाचा टेबल ऑनलाइन विकायला ठेवला होता. एकाचा फोन आला. भाव न करता ४,५०० ला घेतो म्हणाला आणि 'तुम्हाला रिक्वेस्ट पाठवलीय, ॲक्सेप्ट करून पिन टाका, पैसे जमा होतील' असं सांगितलं. मी पिन टाकला नाही, फोन ठेवला. पण यूपीआय ॲपमध्ये तीन गोष्टी पेंडिंग दिसतात: एक ४,५०० ची, एक ८९९ ची (परवा मी एका वेबसाइटवर खरेदी केली होती, त्याची असावी) आणि एक १९९ ची, ती कशाची तेच आठवत नाही. यातली खोटी कोणती हे कसं ओळखायचं? आणि त्या तशाच पडून राहिल्या तर पैसे जाऊ शकतात का?

उत्तर:

४,५०० ची फसवणुकीची आहे, ती आत्ताच नाकारा. ८९९ ची तुमच्या ऑर्डरशी ताडून बघेपर्यंत तिला हात लावू नका. १९९ ची सगळ्यांत सावकाश उघडा, कारण ती एकदाच पैसे देण्याची मागणी नसून ऑटोपेची, म्हणजे पुन्हा पुन्हा आपोआप पैसे कापून घेण्याची, परवानगी असण्याची बरीच शक्यता आहे. आणि नुसती पडून राहिलेली रिक्वेस्ट तुमच्या खात्यातून एक रुपयाही काढू शकत नाही.

मी बँकेत डिजिटल व्यवहारांच्या तक्रारी हाताळते. समोर येणाऱ्या माणसांमध्ये शिकलेले, रोज यूपीआय वापरणारे, हिशेबाला पक्के असे लोक भरपूर असतात. त्यांना ॲप वापरता येत नसतं असं अजिबात नाही. फोनवरचा माणूस बोलत असतो, स्क्रीनवर काहीतरी आलेलं असतं, आणि स्क्रीनवर काय लिहिलंय यापेक्षा कानात काय सांगितलं जातंय यावर विश्वास बसतो. म्हणून स्क्रीन कशी वाचायची तेच नीट सांगते.

यूपीआयवर पैसे सरकवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात देणारा स्वतः सुरुवात करतो: क्यूआर स्कॅन करतो किंवा नंबर टाकतो, रक्कम भरतो, पिन टाकतो. दुसऱ्यात घेणारा सुरुवात करतो: तो तुमच्या यूपीआय आयडीवर मागणी पाठवतो, ती तुमच्या ॲपमध्ये येऊन थांबते, आणि तुम्ही मंजूर करून पिन टाकलात की पैसे त्याच्याकडे जातात. या दुसऱ्या प्रकाराला कलेक्ट रिक्वेस्ट म्हणतात. दोन्हींत पिन टाकतो तो पैसे देणारा. पैसे जमा व्हायला घेणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. त्याचा फोन बंद असला, ॲप काढून टाकलेलं असलं, तरी पैसे थेट त्याच्या बँक खात्यात जमा होतात. ‘आलेले पैसे स्वीकारा’ असं बटण यूपीआयमध्ये अस्तित्वातच नाही.

पिन कुठे कुठे लागतो हे एकदा लक्षात घेतलं की ९० टक्के गोंधळ तिथेच मिटतो. पैसे देताना लागतो. शिल्लक बघताना लागतो. ऑटोपेला परवानगी देताना लागतो. यूपीआय लाइट या छोट्या खर्चाच्या पाकिटात पैसे भरताना लागतो, कारण तेही खात्यातूनच जातात. परतावा, कॅशबॅक, बक्षीस, ॲडव्हान्स यांतलं काहीही मिळवण्यासाठी लागत नाही. त्यामुळे ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ हे वाक्य कानावर पडलं की समोरच्याची पुढची गोष्ट ऐकायची गरज उरत नाही.

आता तुमच्या ४,५०० च्या रिक्वेस्टबद्दल थोडं खोलात जाते, कारण तिच्यात नवी गोष्ट आहे. पूर्वी कोणीही व्यक्ती कोणाही व्यक्तीला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवू शकत असे. त्यातून इतकी फसवणूक झाली की यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने आधी अशा व्यवहारावर २,००० रुपयांची मर्यादा घातली आणि पुढे १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी कलेक्ट रिक्वेस्ट बंदच करायला बँकांना आणि ॲपना सांगितलं. त्या निर्णयात व्यापाऱ्यांच्या रिक्वेस्ट बंद झाल्या नाहीत, पण दुकानांनाही हळूहळू क्यूआर आणि थेट ॲप उघडण्याच्या पद्धतीकडे वळवलं जात आहे.

म्हणजे घरात वापरायला जुना टेबल घेणारा कोणी खाजगी माणूस तुम्हाला रिक्वेस्ट पाठवूच शकत नाही. तरीही ती आली आहे. मग ती व्यापारी म्हणून नोंदवलेल्या आयडीवरून आली असणार. रिक्वेस्ट उघडून नाव वाचा. फोनवर त्याने स्वतःचं जे नाव सांगितलं, त्याऐवजी तिथे एखादं ‘ट्रेडर्स’, ‘एंटरप्रायझेस’ किंवा ‘स्टोअर’ दिसण्याची शक्यता मोठी आहे. हे नाव दुसऱ्याच कोणाच्या तरी कागदपत्रांवर उघडलेल्या खात्याचं असतं. ते खातं वापरायला देणाऱ्याला थोडे पैसे मिळतात आणि पोलीस चौकशीला आले की सापडतो तोच. फोनवरच्या माणसाला नावातला फरक विचारलात तर ‘ते माझ्या कंपनीचं अकाउंट आहे’, ‘आमच्या युनिटचं अकाउंट आहे’ असं उत्तर तयार असतं. सैन्यात किंवा निमलष्करी दलात असल्याचं सांगणं हा त्यातला जुना आणि अजूनही चालणारा प्रकार. ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. तो फोटो पाहून माणूस खरा आहे का याचा विचार करत बसू नका. माणूस कोणीही असो, तुम्हाला पैसे द्यायचे असतील तर त्याने ते पाठवायचे आणि तुम्ही खात्यात आलेले बघायचे, एवढंच काम आहे.

रिक्वेस्ट उघडल्यावर साधारण चार-पाच गोष्टी दिसतात आणि त्या सगळ्या सारख्या विश्वासाच्या नसतात. रक्कम खरी असते. मंजूर केलीत तर तेवढीच जाणार. मागणाऱ्याचं नाव बऱ्यापैकी खरं असतं. यूपीआय आयडी खरा असतो, पण त्यातला `@` च्या आधीचा भाग आयडी काढणाऱ्याने स्वतः निवडलेला असू शकतो. तिथे `refund`, `cashback` किंवा `support` असे शब्द असले तरी त्यांना काही अर्थ नाही. `@` च्या नंतरचा भाग कुठल्या बँकेच्या किंवा ॲपच्या माध्यमातून आयडी निघाला ते सांगतो. ती बँक त्या माणसाची हमी देते असा त्याचा अर्थ नाही.

आणि सर्वांत कमी विश्वासाची गोष्ट म्हणजे टीप, म्हणजे रकमेखाली दिसणारी ती छोटी ओळ. ती मागणी पाठवणारा स्वतः टाइप करतो. तिथे `Receive Rs 4500` लिहिता येतं, `Payment successful` लिहिता येतं. ॲपच्या स्वतःच्या मजकुराला लागून ती ओळ येते, म्हणून ती ॲपनेच लिहिली आहे असं वाटतं. फसवणुकीची सगळी रचना या एका ओळीवर उभी असते. फोनवरचा माणूस मुद्दाम विचारतो, ‘खाली बघा, रिसीव्ह लिहिलंय ना?’ आणि तुम्ही ‘हो’ म्हणता. स्क्रीन वाचताना टीप सोडून द्यायची आणि बटणावर काय लिहिलंय ते बघायचं. बटण ॲपचं असतं, ते मागणाऱ्याला बदलता येत नाही. तिथे `Pay` किंवा त्याच अर्थाचा शब्द असेल तर पैसे तुमचे जाणार.

इथे लिंकबद्दलही सांगायला हवं. रिक्वेस्ट पाठवणं अवघड झालं तसे हे लोक व्हॉट्सॲपवर क्यूआरचा फोटो किंवा लिंक पाठवू लागले. ‘हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणतात. क्यूआरच्या आत साधारण असा मजकूर असतो:

```
upi://pay?pa=ABC@BANK&pn=Advance%20Payment&am=4500&tn=Receive%20money
```

सुरुवातीचा `pay` शब्दच सांगतो की हे पैसे देण्यासाठी आहे. `pa` म्हणजे घेणाऱ्याचा आयडी, `am` म्हणजे रक्कम. `pn` म्हणजे घेणाऱ्याचं नाव आणि `tn` म्हणजे टीप. ही दोन्ही क्यूआर बनवणाऱ्याने हवी ती भरलेली असतात. पूर्वी काही ॲपमध्ये हे `pn` मधलं नावच स्क्रीनवर दिसायचं. ३० जून २०२५ पासूनच्या नियमानुसार व्यवहाराच्या आधी ॲपने बँकेच्या नोंदीतलं नाव दाखवायचं आहे. म्हणून तुमचं ॲप बँकेतलं नाव म्हणून जे दाखवतं तेच नाव माना. फोटोवर छापलेलं किंवा संदेशात लिहिलेलं नाव मानू नका. क्यूआर स्कॅन करणारा पैसे देतो; घेणारा आपला क्यूआर दाखवतो. तुम्ही विकणारे आहात, तेव्हा स्कॅन करण्याचं काम खरेदीदाराचं.

आता ८९९. खरेदी करताना वेबसाइटवर तुम्ही तुमचा यूपीआय आयडी टाइप केला होता का, ते आठवा. टाइप केला असेल तर दुकानाकडून रिक्वेस्ट येणं स्वाभाविक आहे. पण तुम्ही क्यूआर स्कॅन केला असेल किंवा वेबसाइटने थेट तुमचं ॲप उघडलं असेल, तर पैसे तिथल्या तिथे गेले आणि वेगळी रिक्वेस्ट यायचं कारण नाही. शिवाय दुकानाची खरी रिक्वेस्ट सहसा थोड्या मिनिटांचीच असते, कारण तेवढा वेळच ते ऑर्डर धरून ठेवतात. परवाची रिक्वेस्ट आज पेंडिंग दिसत असेल तर ती मुदत संपून नुसती यादीत उरली असेल, किंवा ती त्या खरेदीची नसेलच.

त्यासाठी असं करा. रिक्वेस्ट बाजूला ठेवून त्या वेबसाइटचं तुमचं ऑर्डरचं पान स्वतः उघडा. रिक्वेस्टमधल्या किंवा मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. ऑर्डर तिथे ‘पैसे मिळाले’ अशी दिसत असेल तर ही रिक्वेस्ट मंजूर केल्यास दुसऱ्यांदा पैसे जातील. पैसे बाकी दिसत असतील तर रक्कम पैशापर्यंत जुळते का बघा: ८९९ आणि ८९९.०० एकच, पण डिलिव्हरी धरून ९३९ व्हायला हवे असताना ८९९ ची मागणी आली असेल तर काहीतरी चुकलंय. मग बँकेतलं नाव बघा. मोठ्या वेबसाइटचे पैसे कधी कधी त्यांच्या मूळ कंपनीच्या किंवा पेमेंट गेटवेच्या नावाने मागितले जातात, त्यामुळे ब्रँडचं नाव दिसलं नाही म्हणून लगेच खोटं ठरत नाही. तरी शंका राहतेच. अशा वेळी माझा सल्ला साधा असतो: रिक्वेस्ट नाकारा आणि वेबसाइटवर परत जाऊन पैसे भरण्याची पायरी नव्याने सुरू करा. नाकारल्याने दुकानदाराचं काही बिघडत नाही, तुमच्या सिबिल स्कोअरवर काही परिणाम होत नाही, कोणाला दंड होत नाही. लोकांना नाकारायला संकोच वाटतो, जणू आपण कोणाचे पैसे बुडवतोय. देणं खरं असेल तर ते दुसऱ्या मार्गानेही देता येतं.

१९९ ची उघडाल तेव्हा आधी बघा ती कुठल्या भागात आहे. बऱ्याच ॲपमध्ये साध्या रिक्वेस्ट एका ठिकाणी असतात आणि ऑटोपे दुसऱ्या ठिकाणी, प्रोफाइलच्या आत `Autopay` किंवा `Mandates` अशा नावाखाली. काही ॲप दोन्हींची सूचना एकाच घंटेच्या चिन्हाखाली दाखवतात, त्यामुळे दोन्ही सारख्याच वाटतात. ती ऑटोपेची असेल तर १९९ हा आकडा कदाचित फक्त पहिल्या हप्त्याचा असेल. खाली आणखी ओळी असतील: जास्तीत जास्त रक्कम किती, किती दिवसांनी, कधीपासून कधीपर्यंत. जास्तीत जास्त रकमेच्या ओळीत ५,००० किंवा १५,००० असू शकतात, आणि ‘किती दिवसांनी’ या ओळीत ‘दर महिना’ ऐवजी `As presented` असू शकतं, म्हणजे समोरचा मागेल तेव्हा. तुम्ही पिन टाकून मंजुरी देता ती या सगळ्या ओळींना, फक्त १९९ ला नाही.

ऑटोपेचा धोका वेगळा असण्याचं कारण हे की पिन फक्त सुरुवातीला एकदा लागतो. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतचा प्रत्येक हप्ता पिन न मागता जाऊ शकतो. हप्ता कापण्याच्या २४ तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे, पण ती सूचना इतर मेसेजच्या गर्दीत वाचली जात नाही. कलेक्ट रिक्वेस्टमध्ये एकदा फसलात तर एकदा पैसे जातात. ऑटोपेत तुम्ही दार उघडं ठेवून निघून जाता.

तरी १९९ ची फसवणूकच असेल असं मी म्हणणार नाही. घरातल्या कोणी तुमच्या फोनवर एखादं ॲप ‘सात दिवस मोफत’ म्हणून सुरू केलं असेल तर अशीच मागणी येते. मुलांना विचारा. कोणालाच माहीत नसेल तर नाकारा. आणि त्याच पानावर आधीपासून चालू असलेले ऑटोपेही बघून घ्या. माझ्याकडे ‘दर महिन्याला पैसे जातात, कुठे ते कळत नाही’ म्हणून येणाऱ्यांपैकी अनेकांचं उत्तर त्या पानावर असतं, आणि तिथूनच ते बंदही करता येतं.

पडून राहिलेल्या रिक्वेस्टबद्दल तुमच्यासारखी भीती अनेकांना असते आणि तिच्यामागे एक कारण आहे. काही काळापूर्वी असा इशारा सगळीकडे फिरला की भामटा आधी तुमच्या खात्यात थोडे पैसे टाकतो, लगेच मोठ्या रकमेची रिक्वेस्ट पाठवतो, आणि तुम्ही शिल्लक बघायला पिन टाकलात की ती रिक्वेस्ट आपोआप मंजूर होते. शिल्लक बघण्यासाठी टाकलेला पिन दुसऱ्या व्यवहाराला लागू होऊ शकत नाही. एनपीसीआयनेही तसा खुलासा केला होता. रिक्वेस्ट मंजूर व्हायची तर तुम्हाला त्या रिक्वेस्टवर जावं लागतं, पैसे देण्याचं बटण दाबावं लागतं आणि तिथे पिन टाकावा लागतो. मंजूर न केलेली रिक्वेस्ट ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप रद्द होते. ही मुदत पाठवणारा ठरवतो, म्हणून कधी काही मिनिटं असते, कधी कित्येक दिवस.

मग पडून राहू द्यायला काय हरकत? हरकत अशी की तुम्ही एक दिवस खऱ्या रिक्वेस्टची वाट बघत असाल, घाईत असाल, सूचनेवर बोट टेकवाल आणि जुनी मागणी उघडेल. काही भामटे म्हणूनच एकच रक्कम दोन-तीनदा पाठवून ठेवतात. तेव्हा कुठलीही रिक्वेस्ट मंजूर करण्याआधी एक सवय लावा: सूचनेवर बोट न टेकवता ॲप स्वतः उघडा, पेंडिंगच्या यादीत जा, आणि जे ओळखीचं नाही ते सगळं नाकारून यादी रिकामी करा. `Decline` च्या जवळ अनेक ॲपमध्ये `Block` किंवा `Report` असतं, तेही वापरा. त्या आयडीवरून तुम्हाला पुन्हा मागणी येणं थांबेल. मग उरलेली एक रिक्वेस्ट तुमच्या हातातल्या ऑर्डरशी ताडा. हे सगळं फोनवर बोलणं थांबवून करायचं. ‘लाइनवरच राहा’ असं कोणी म्हणत असेल तर फोन आधी ठेवा. खऱ्या खरेदीदाराला पाच मिनिटांनी परत फोन केलेला चालतो.

शेवटची चाळणी पिनच्या पानावर असते. पिनचं पान ॲपचं स्वतःचं नसतं. ते एनपीसीआयने दिलेल्या सुरक्षित भागातून येतं, म्हणून सगळ्या ॲपमध्ये ते साधारण सारखंच दिसतं. तिथे वर तुमच्या बँकेचं नाव, रक्कम आणि पैसे कोणाला चाललेत ते लिहिलेलं असतं. आपली नजर मात्र थेट खालच्या आकड्यांच्या कळांवर जाते, कारण रोजच्या सवयीने बोटं तिकडे वळतात. बोट उचलून ते वरचं वाचायचं. ‘मला पैसे येणार आहेत’ असं डोक्यात असताना त्या पानावर दुसऱ्याचं नाव आणि रक्कम दिसली तर मागे फिरायला तिथेही उशीर झालेला नसतो. चार किंवा सहा अंक पूर्ण करून बरोबरची खूण दाबेपर्यंत काहीही गेलेलं नसतं.

तुमच्याबाबतीत पिन टाकला गेला नाही, हे फार चांगलं झालं. तरी हे वाचणाऱ्या कोणाचा टाकला गेला असेल म्हणून लिहिते. यूपीआयचा व्यवहार एकदा झाला की तो देणाऱ्याला रद्द करता येत नाही. हातात असते ती फक्त वेळ. ते पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाऊन शेवटी रोख काढले जातात, आणि ते कुठल्यातरी खात्यात असतानाच गोठवले तर परत मिळण्याची आशा राहते. म्हणून भामट्याशी वाद घालण्यात एक मिनिटही घालवू नका. व्यवहाराच्या तपशिलात १२ अंकी यूटीआर क्रमांक असतो, तो लिहून घ्या आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. तिथे नोंद झाली की पैसे ज्या बँकेत गेले तिला ती रक्कम रोखायला कळवलं जातं. मग `cybercrime.gov.in` वर तक्रार पूर्ण करा आणि तुमच्या बँकेला लेखी कळवा. ॲपमधल्या त्या व्यवहाराखालीही तक्रारीचा पर्याय असतो, तोही वापरा, पण १९३० च्या आधी नाही.

बँकेकडून काय अपेक्षा ठेवायची, तेही स्पष्ट सांगते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकामुळे ‘तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की पैसे परत’ असा समज पसरला आहे. ते संरक्षण तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारासाठी आहे. रिक्वेस्ट स्वतः उघडून, स्वतः पिन टाकून मंजूर केली असेल तर बँक सहसा तो व्यवहार तुम्ही केलेला मानते. ग्राहकाला हे ऐकायला कठोर वाटतं आणि मला सांगायलाही जड जातं, पण खोट्या आशेवर तीन दिवस थांबून १९३० ला फोन न करणं त्याहून महाग पडतं.

पैसे गेल्यानंतर तोच माणूस परत फोन करतो, हेही माहीत असू द्या. ‘चुकून उलटं झालं, मी दुसरी रिक्वेस्ट पाठवतो, ती मंजूर करा म्हणजे दोन्ही परत येतील’ असं अगदी दिलगिरीच्या सुरात सांगतो. मोठी रक्कम जाते ती अनेकदा या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, कारण गेलेले परत मिळवायचे असतात. आणि इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’च्या नंबरवर फोन करू नका, त्यांतले काही याच लोकांनी टाकलेले असतात. बँकेचा नंबर डेबिट कार्डच्या मागे छापलेला असतो, तोच लावा.

फक्त रिक्वेस्ट मंजूर केली असेल तर तुमचा पिन त्याला कळलेला नसतो, तो बदललाच पाहिजे असं नाही. पण बोलता बोलता त्याने स्क्रीन दाखवणारं एखादं ॲप घालायला लावलं असेल तर गोष्ट वेगळी. मग इंटरनेट बंद करा, ते ॲप काढून टाका, बँकेला सांगून खात्याचं यूपीआय थांबवा आणि फोन स्वच्छ झाल्याची खात्री पटल्यावरच नवा पिन ठेवा.

आता तुमचं काम. ४,५०० ची रिक्वेस्ट नाकारण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात पूर्ण आयडी, बँकेतलं नाव आणि वेळ दिसली पाहिजे. फोन नंबरही जपून ठेवा. पैसे गेले नसले तरी `cybercrime.gov.in` वर संशयित क्रमांक आणि आयडी कळवता येतात. ज्या साइटवर टेबल ठेवला होता तिथेही त्या खरेदीदाराचं खातं कळवा, कारण तो आज तिथल्याच दुसऱ्या विक्रेत्यांना फोन करत असणार. आणि पुढचा खरेदीदार आला की त्याला तुमचा क्यूआर द्या, आणि खात्यात पैसे जमा झालेत हे बँकेच्या ॲपमध्ये स्वतः बघितल्यावरच टेबल उचलू द्या. त्याच्या फोनवरचा हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट किंवा तुम्हाला आलेला ‘पैसे जमा’ असा एसएमएस पुरेसा नाही, दोन्ही खोटे बनवता येतात.